शनिवारची गाडी नेमकी कोणत्या रात्री? एका वेळापत्रक-फलकाचा अरबी अनुवाद: प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या स्टेशन रोड परिसरातील एका लॉजमध्ये सहा अरबी भाषक पाहुणे उतरले होते. शिरोली औद्योगिक वसाहतीतील ओतकाम कारखाने पाहून सुट्या भागांची खरेदी ठरवावी, असा त्यांचा बेत होता. गटात येमेनचे एक वयस्क व्यापारी आणि त्यांचे दोन पुतणे, इजिप्तचे दोघे आणि मोरोक्कोचा एक तरुण अभियंता होता. अरबी ही सर्वांची भाषा असली तरी घड्याळ आणि आकडे वाचण्याच्या सवयी एकसारख्या नव्हत्या, आणि हा फरक पुढे कामाचा ठरला. कोल्हापुरातून त्यांना खासगी बसने हैदराबादला जायचे होते.

लॉजच्या व्यवस्थापकाने एका ट्रॅव्हल्सच्या कार्यालयाबाहेरील फलकाचा फोटो मोबाइलवर काढला आणि अरबी शिकवणाऱ्या, अनुवादाचीही कामे करणाऱ्या एका बाईंकडे पाठवला. पाहुण्यांना मोबाइलवर वाचता येईल असा त्या फलकाचा अरबी मजकूर त्यांना हवा होता. प्रवासाला अजून काही दिवस अवकाश होता, त्यामुळे विचारपूस करायला वेळ मिळाला. ही घाईची नड असती तर पुढील बऱ्याच गोष्टी घडल्याच नसत्या. त्या वेळचे कच्चे खर्डे आणि निरोप मी नंतर पाहिले. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

फोटोत काय दिसत होते

फलक रेडियमच्या अक्षरांचा होता, वरच्या ओळीत मराठी आणि तिच्याखाली इंग्रजी. फोटो संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात आणि थोडा तिरका काढलेला होता. बाईंनी अनुवादाला हात घालण्यापूर्वी जे दिसते ते जसेच्या तसे टाइप करून घेतले आणि जे दिसत नाही तेथे प्रश्नचिन्ह टाकले. हैदराबादच्या दोन ओळी अशा होत्या:

```
हैदराबाद    मं. गु. श[?].    रात्री १२.१५
HYDERABAD  TUE THU S[??]   12.15 AM
```

मराठी ओळीतील शेवटच्या वाराचे अक्षर ‘श’ असे दिसत होते, परंतु त्याच्या खालचे रेडियम निघालेले असावे अशी शंका येत होती, कारण तेवढ्या भागात गोंदाचा पिवळा डाग होता. उकार निघून गेला असेल तर ते मूळचे ‘शु.’, म्हणजे शुक्रवार. उकार नव्हताच असे धरले तर शनिवार. इंग्रजी ओळीत त्याच जागी पहिले अक्षर स्पष्ट होते आणि पुढची दोन ट्यूबलाइटच्या झळाळीत बुडाली होती, म्हणजे तो शनिवार तरी असणार किंवा रविवार तरी. दोन्ही ओळी अर्धवट होत्या, पण दोन्ही एकाच गाडीच्या होत्या. मराठी अक्षर रविवारला बसत नाही आणि इंग्रजी अक्षर शुक्रवारला बसत नाही, तेव्हा दोहोंना चालणारा वार एकच उरतो, तो शनिवार. फोटो पुन्हा मागवण्याआधी बाईंनी हा निष्कर्ष काढला आणि तो बरोबर निघाला. फलक द्विभाषिक असेल तर एक ओळ सोयीची म्हणून उचलायची आणि दुसरीकडे पाहायचेच नाही, ही सवय अनुवादकांत बरीच आढळते. या फोटोत कोणतीही एक ओळ एकटी पुरेशी नव्हती.

फलकावर आणखी दोन नोंदी होत्या. पणजीची गाडी रविवार वगळून रोज दुपारी १२.३० वाजता असल्याचे लिहिले होते, आणि इंग्रजी ओळीत तीच वेळ `12.30 PM` अशी होती. कार्यालयाची वेळ `9.30-1.30` आणि `4.00-8.30` अशी, मधल्या आडव्या रेघेने जोडून दिलेली होती.

खरी अडचण

वार ठरला, वेळही स्पष्ट होती, तरीही गाडी कधी सुटते हे ठरत नव्हते. मराठी ओळ म्हणते, शनिवार, रात्री सव्वाबारा. कोल्हापुरातला कोणीही माणूस याचा अर्थ असा घेईल की शनिवारी रात्री जेवणखाण उरकून निघायचे. कॅलेंडरच्या हिशेबाने तेव्हा रविवार लागून पंधरा मिनिटे झालेली असतात. इंग्रजी ओळ अक्षरशः घेतली तर शनिवार सुरू होऊन पंधरा मिनिटे झालेली असतात, म्हणजे आपल्या बोलीत ती शुक्रवारची रात्र. एकाच फलकावरच्या, एकाखाली एक असलेल्या या दोन ओळींत चोवीस तासांचे अंतर पडत होते आणि ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते, कारण स्थानिक गिऱ्हाईक मराठी ओळ वाचते आणि इंग्रजी ओळ तीच गोष्ट सांगत असेल असे धरून चालते.

वार कधी बदलतो याबद्दल येथे तीन हिशेब एकमेकांत मिसळलेले आहेत. पंचांगाचा वार सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत चालतो, आणि आपले बोलणे आजही बव्हंशी त्याच अंगाने जाते, म्हणून मध्यरात्रीनंतरची वेळही आपण आदल्या वारातच मोजतो. घड्याळाचा आणि तिकिटाचा वार मध्यरात्री बदलतो. इस्लामी कालगणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे तेथे रात्र ही आपल्या दिवसाच्या आधी येते. ‘लैलतुल जुमुआ’, म्हणजे शुक्रवारची रात्र, याचा परंपरेतला अर्थ गुरुवारी सूर्य मावळल्यानंतरची रात्र असा आहे. आजच्या अरबी बोलण्यात कॅलेंडरप्रमाणे अर्थ घेणारे लोकही पुष्कळ आहेत. त्यामुळे ‘शनिवारची रात्र’ असे अरबीत लिहिले की वाचणारा ती शुक्रवारी संध्याकाळनंतरची समजेल की शनिवारी संध्याकाळनंतरची, हे त्याच्या वयावर, प्रदेशावर आणि संस्कारावर अवलंबून राहते.

म्हणजे मराठीत जी शब्दरचना सर्वांत निःसंदिग्ध, तीच शब्दशः अरबीत नेली की दुहेरी अर्थाची होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ कोष्टकाचा होता. सकाळच्या खुणेसाठी ‘सबाहन’, दुपारनंतरच्या खुणेसाठी ‘मसाअन’, आणि वारांच्या संक्षेपांसाठी अरबी वार, असे एकास एक बसवायचे. अरबी मोबाइलच्या घड्याळात याच दोन शब्दांची पहिली अक्षरे, साद आणि मीम, बारा तासांच्या खुणा म्हणून दिसतात, त्यामुळे हा मार्ग अधिकृत वाटतो. परंतु ‘सबाहन’ म्हणजे सकाळी आणि ‘मसाअन’ म्हणजे संध्याकाळी. पणजीच्या गाडीपुढे ‘12:30 मसाअन’ लिहिले तर भर दुपारची गाडी वाचणाऱ्याला संध्याकाळनंतरची वाटू शकते, आणि साडेबाराला संध्याकाळ नसते म्हटल्यावर तो ती मध्यरात्रीची समजण्याची शक्यता अधिक. हैदराबादच्या गाडीपुढे ‘12:15 सबाहन’ हे वाक्य तितकेच अवघडलेले आहे. सकाळी नऊ किंवा संध्याकाळी सात अशा वेळांना हे कोष्टक पुरते. अडचण येते ती बाराच्या तासात, आणि या फलकावरच्या दोन्ही गाड्या नेमक्या बाराच्या तासातल्या होत्या.

वारांचे संक्षेप करण्याचा विचारही याच पर्यायात आला होता, कारण फलकावर संक्षेप होते. अरबीत वारांना तीन अक्षरी लघुरूपे देण्याची रूढी नाही. सातही वारांची नावे ‘अल्’ या उपपदाने सुरू होतात, त्यामुळे पहिली तीन अक्षरे ठेवली तर दोन अक्षरे उपपदातच खर्ची पडतात, आणि रविवार ‘अल्-अहद’ व बुधवार ‘अल्-अरबिआ’ हे दोन वार तर अगदी सारखे दिसू लागतात. कॅलेंडरच्या चौकटींवर एकेक अक्षर छापतात, पण ती सात चौकटी ओळीने समोर असतात म्हणून वाचता येतात. सुट्या ओळीत ते एकटे अक्षर कोड्यासारखे वाटते. म्हणून वार पूर्ण लिहायचे, हा निर्णय लगेच झाला.

दुसरा पर्याय चोवीस तासांच्या घड्याळाचा. आपल्याकडे रेल्वेचे वेळापत्रक असेच छापले जाते आणि तेथे सकाळ-दुपारचा गोंधळ उद्भवत नाही. मोरोक्कोच्या अभियंत्याला हे सवयीचे होते. परंतु ‘शनिवार 00:15’ असे लिहिल्याने वेळेची शंका मिटते, वाराची मिटत नाही. ट्रॅव्हल्सवाल्यांचा शनिवार आणि तिकिटाचा शनिवार वेगळे असतील तर अचूक दिसणारा हा आकडा पाहुण्यांना चुकीच्या रात्री फलकाखाली उभे करील. शिवाय फलकावर 12.15 आणि हातात 00:15 अशी विसंगती राहिली असती, आणि अनोळखी गावात प्रवासी आकडे जुळवूनच खात्री करून घेतो.

तिसरा पर्याय ‘लैलत अस्-सब्त’, शनिवारची रात्र. मराठी ओळीशी सर्वांत जवळचा आणि कानाला सर्वांत नैसर्गिक. बाईंचा पहिला खर्डा याच वळणाचा होता. तो पाठवण्याआधी त्यांनी व्यवस्थापकामार्फत येमेनच्या काकांना फोनवर घेतले आणि फक्त एवढेच वाचून दाखवले. काकांनी ती शुक्रवार मावळल्यानंतरची रात्र मानली. शेजारी बसलेल्या मोरोक्कोच्या तरुणाने ती शनिवारी रात्रीची मानली. एकाच खोलीत, एकाच वाक्याचे दोन अर्थ निघाले तेव्हा हा पर्याय तेथेच बाद झाला.

चौथा पर्याय असा की वाराला रात्र जोडायचीच नाही. प्रवाशाने कार्यालयात कधी पोहोचायचे ती वेळ आधी सांगायची, कारण ती मध्यरात्रीच्या अलीकडची असते आणि तिचा वार वादातीत असतो. सुटण्याची वेळ तिच्यामागून सांगायची आणि तेव्हा कोणता वार लागलेला असेल हेही सोबत लिहायचे. यात मजकूर लांबतो आणि फलकाची आटोपशीर मांडणी राहत नाही. माझ्या मते ही किंमत योग्य आहे, कारण या मजकुराला फलकाचे रूप देणे हा उद्देश नव्हता.

प्रत्यक्ष काय केले

अनुवादापूर्वी बाईंनी ट्रॅव्हल्सच्या कार्यालयात फोन लावला. त्यांनी ‘गाडी शनिवारची का?’ असे विचारले नाही, कारण त्याचे उत्तर ‘होय’ असेच आले असते आणि त्यातून काहीच कळले नसते. “दादा, या गाडीसाठी माणसांनी कोणत्या दिवशीचं रात्रीचं जेवण करून यायचं?” असा प्रश्न त्यांनी केला. पलीकडून उत्तर आले, “शनिवारचं की मॅडम. पावणेबारापर्यंत या म्हणावं. बारानंतर रविवार लागतोय, खरं आमच्या वहीत ती शनिवारचीच गाडी.” म्हणजे मराठी ओळ बरोबर होती आणि इंग्रजी ओळ तिचे वार न बदलता केलेले भाषांतर होते. जेवणाचा प्रश्न साधा वाटतो, पण वार बदलण्याच्या तिन्ही हिशेबांना तो बगल देतो.

त्याच फोनवर आणखी एक गोष्ट उघड झाली. तिकिटाच्या पावतीवर तारीख शनिवारचीच घातली जाते आणि वेळ 12.15 अशी लिहिली जाते. अरबी मजकुरात रविवार असा उल्लेख आला आणि पावतीवर शनिवारची तारीख दिसली तर पाहुणे कागदावर विश्वास ठेवतील आणि शुक्रवारी रात्री येऊन उभे राहतील. बाईंनी कार्यालयाला विनंती केली की या सहा जणांच्या पावतीवर ‘शनिवार रात्र, रविवार पहाट’ अशा दोन्ही तारखा हाताने लिहाव्यात. कारकुनाने ते खळखळ न करता मान्य केले.

यानंतर आकड्यांचा निर्णय. इजिप्त आणि येमेनमध्ये अरबी-हिंदी आकडे सर्रास वापरतात, मोरोक्कोत इंग्रजीत चालतात तेच आकडे रूढ आहेत. गटात दोन्ही प्रकारचे वाचक होते. पूर्वेकडील अरब वाचकाला दोन्ही प्रकारचे आकडे ओळखता येतात, उलट पश्चिमेकडील वाचकाला तसे येतीलच असे नाही, त्यामुळे इंग्रजी आकडे ठेवले. फलकाच्या खालच्या ओळीतही तेच असल्याने जुळवणी सोपी झाली. मराठी ओळीतले आकडे मात्र या वाचकांसाठी सापळा होते. अरबी-हिंदी पाचाचा आकार वर्तुळासारखा असतो, म्हणजे आपल्या शून्यासारखा, आणि त्यांचा नऊ आपल्या एकाच्या बराच जवळ जातो. म्हणून मजकुरासोबत ‘फलकाची खालची ओळ पाहा’ अशी सूचना जोडली.

तास आणि मिनिटांमधले टिंबही बदलले. आपण 12.15 असे टिंब देऊन लिहितो, पण अरबी-हिंदी आकड्यांत शून्य म्हणजेच एक टिंब. कोणी पुढे हा मजकूर त्या आकड्यांत उतरवून घेतला तर मधले टिंब शून्य म्हणून वाचले जाण्याचा धोका राहतो. म्हणून सर्वत्र दोन टिंबांचे अपूर्णविराम चिन्ह घातले.

कार्यालयाच्या वेळेसाठी फलकावरची आडवी रेघ तशीच ठेवता आली नाही, आणि हा भाग थोडा समजावून सांगण्यासारखा आहे. अरबी लेखन उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडा आतल्या आत डावीकडून उजवीकडे लिहिला जातो. मोबाइल कोणता तुकडा कोणत्या बाजूला मांडायचा हे आजूबाजूच्या अक्षरांवरून ठरवतो. `9:30-1:30` हे अरबी शब्दानंतर आले तर 9:30 उजवीकडे जाते आणि अरबी वाचकाला क्रम बरोबर दिसतो. तेच ओळीच्या सुरुवातीला, आधी एकही अरबी अक्षर नसताना आले, तर सगळा तुकडा एकच आकडा धरून डावीकडून मांडला जातो, आणि उजवीकडून वाचणाऱ्याला ‘दीड ते साडेनऊ’ असे दिसते. टाइप केलेला मजकूर तोच, दिसणे मात्र जागेनुसार वेगळे. अशा ठिकाणी रेघ काढून ‘मिन’ आणि ‘इला’, म्हणजे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’, हे शब्द घातले की प्रत्येक आकडा आपापल्या शब्दाशेजारी राहतो. प्रत्येक ओळ अरबी शब्दानेच सुरू होईल हेही पाहिले, कारण पहिल्या अक्षरावरून ओळीची दिशा ठरते. तसे जमत नसेल तर ओळीच्या आरंभी U+200F हे अदृश्य चिन्ह घालता येते, पण निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ते टिकेलच अशी खात्री नसते.

दिवसाच्या प्रहरांसाठी अरबीत जे शब्द माणसे खरोखर वापरतात ते घेतले. साडेबाराला ‘ज़ुहरन’, चार वाजताच्या वेळेला ‘असरन’, साडेआठला ‘मसाअन’, पावणेबाराला ‘लैलन’ आणि सव्वाबाराला ‘बअद मुन्तसफ अल्-लैल’, म्हणजे मध्यरात्रीनंतर. पणजीच्या गाडीसाठी ‘सोमवार ते शनिवार’ न लिहिता ‘यौमिय्यन मा अदा अल्-अहद’, म्हणजे रविवार सोडून रोज, असे लिहिले. ‘पर्यंत’मध्ये शेवटचा वार धरायचा की नाही हा प्रश्न त्यामुळे उरला नाही. ‘आठवड्याची सुट्टी’ असा शब्दप्रयोगही मुद्दाम टाळला, कारण अनेक अरब देशांत सुट्टी शुक्रवार आणि शनिवारी असते, मोरोक्कोत शनिवार आणि रविवारी.

अंतिम मजकूर असा होता:

```
حيدر آباد: الحضور يوم السبت الساعة 11:45 ليلًا، وتنطلق الحافلة الساعة 12:15 بعد منتصف الليل، أي مع بداية يوم الأحد.
باناجي: يوميًا ما عدا الأحد، الساعة 12:30 ظهرًا.
المكتب: من 9:30 صباحًا إلى 1:30 ظهرًا، ومن 4:00 عصرًا إلى 8:30 مساءً.
```

पहिल्या ओळीचा मराठी आशय असा: हैदराबादसाठी शनिवारी रात्री 11:45 वाजता हजर राहावे, बस मध्यरात्रीनंतर 12:15 वाजता सुटेल, म्हणजे रविवार सुरू होताच. मंगळवार आणि गुरुवारच्या गाड्या मुद्दाम गाळल्या होत्या, कारण या गटाला शनिवारीच निघायचे होते आणि तीन वार, त्यांचे तीन पुढचे वार, असा पसारा एका वाक्यात मावत नव्हता.

निष्पत्ती

मजकूर पाठवल्यावर ‘समजले का’ असे न विचारता बाईंनी व्यवस्थापकाला सांगितले की प्रत्येकाला वेगवेगळे विचारा, शनिवारी रात्रीचे जेवण लॉजवर घेणार की वाटेत. सहाही जणांनी लॉजवर असे सांगितले, आणि येमेनच्या काकांनी ‘म्हणजे उद्या नव्हे, परवा’ असे स्वतःहून जोडले, कारण हे विचारणे गुरुवारी झाले होते. गट शनिवारी रात्री वेळेत पोहोचला आणि गाडीत बसला. पावतीवर दोन तारखा असल्याने गाडीत बसतानाही प्रश्न आला नाही.

एक किरकोळ कुरबूर झाली. इजिप्तच्या पाहुण्यांपैकी एकाला पहिली ओळ फार लांबलचक वाटली. आमच्याकडे एवढे समजावून सांगत नाहीत, असे तो म्हणाला. त्याच्यापुरते ते खरे असेल. परंतु मजकूर सहा जणांसाठी होता आणि त्यांतील एकाने छोट्या रूपाचा उलटा अर्थ घेतलेला होता.

व्यवस्थापकाने तो मजकूर नंतर छापून लॉजच्या काउंटरवर चिकटवला. येथून पुढे एक नवी अडचण संभवते. ज्या गटासाठी मजकूर बांधला होता त्याच्या बाहेर तो वापरला जाऊ लागला आहे. मंगळवारी जाऊ इच्छिणाऱ्या पाहुण्याला तो अपुरा आहे, आणि गाडीचे वार बदलले तर तो चुकीचा ठरेल. कागदावर तो कधी तपासला याची तारीखही नाही.

वेगळे काय करता आले असते

कार्यालयाला फोन अगदी आरंभी करता आला असता. रेडियमचा उकार आणि झळाळीतली अक्षरे यांची जुळवणी बुद्धीला आवडणारी असली तरी तीत वेळ गेला, आणि वार ओळखल्यानेही गाडीची रात्र ठरली नाही. तरी ती जुळवणी निरर्थक नव्हती. नेमके काय विचारायचे हे तिच्यामुळेच कळले, आणि कार्यालयाचा फोन लागला नसता तर हाती तेवढाच आधार राहिला असता. फोटो दिवसाउजेडी, समोरून काढून मागवणे हा त्याहून स्वस्त उपाय होता.

पावतीचा फोटो फलकाच्या फोटोबरोबरच मागायला हवा होता. तारखेची विसंगती फोनवर ओघात कळली, विचारून नव्हे. मध्यरात्रीच्या आसपासच्या कोणत्याही गाडीसाठी फलक, पावती आणि वहिवाट या तिन्ही ठिकाणचा वार तपासल्याशिवाय अनुवाद सुरू करू नये, असे मला वाटते. रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंतच्या वेळांना तरी हे लागू करावे. सकाळी नऊच्या गाडीसाठी एवढी चौकशी करणे म्हणजे उगाच दमणूक.

काउंटरवरच्या कागदासाठी तिन्ही वारांचे वेगळे, ओळ-ओळ सुटे रूप करणे हा पुढचा टप्पा आहे. त्यात गुरुवारच्या गाडीचा मोह टाळावा लागेल. ती गुरुवारी रात्री उशिरा, म्हणजे कॅलेंडरने शुक्रवार लागल्यावर सुटते, आणि तिच्यासाठी ‘लैलतुल जुमुआ’ हा शब्द परंपरेने तंतोतंत बसतो. वयस्क वाचकाला तो एका शब्दात सगळे सांगेल. पण त्याच कागदावर खाली शनिवारची गाडी दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली असेल, आणि कॅलेंडरप्रमाणे वाचणारा तरुण गुरुवारच्या गाडीसाठी शुक्रवारी रात्री येईल. तेव्हा तेथेही हजर राहण्याची वेळ आधी, मग सुटण्याची, मग लागलेला वार, हाच क्रम ठेवावा आणि कागदाच्या माथ्यावर तपासणीची तारीख घालावी. फलकाच्या इंग्रजी ओळीत दुरुस्ती करण्याविषयी कार्यालयाला सांगून झाले आहे, पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नवा फलक होईल तेव्हाच ते होईल, तोवर लॉजने पाहुण्यांना त्या ओळीतले आकडे जुळवायला सांगावे आणि वार मात्र कागदावरचाच धरायला सांगावा.